मालक नर्मदा परिक्रमेला, अॅडमिनची किल्ली कोणाकडे?

आमची कंपनी लहान आहे. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवतो, ऑफिस आणि शॉप मिळून एकोणीस माणसं. मेल, फाइली, ड्रॉइंगं सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, बिझनेस प्रीमियम प्लॅन. गेल्या जुलैत मालकांनी, म्हणजे आण्णांनी, जाहीर केलं की कार्तिकी एकादशीनंतर ते ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमेला निघणार, आणि फोन बंद ठेवणार. शूलपाणीच्या जंगलात तसंही नेटवर्कचा भरवसा नाही. परत येणार ते उन्हाळ्यात.

कंपनीच्या अख्ख्या खात्याचे एकमेव ग्लोबल अॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार हातात असलेले, आण्णाच होते. रोज मेल बघायचे तेच खातं, आणि लॉगिनचं दुसरं पाऊल त्यांच्या एकाच फोनवरच्या ऑथेंटिकेटर अॅपमध्ये. तो फोन नर्मदेत पडला असता तर आमच्याकडे उरला असता फक्त मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टला फोन. तिथे डेटा प्रोटेक्शन टीम कंपनीची मालकी तपासते आणि मगच दार उघडते. त्याला वेळ लागतो, आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला मालकच हवे असतात. कंपनीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असल्यामुळे ही तयारीही माझ्याकडे आली. ज्यांच्याकडे असंच एकखांबी काम चाललंय, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितोय.

जुलै: आधी यादी

सुरुवात सेटिंगपासून केली नाही. हिशेब बघणाऱ्या ताई, शॉपचे इनचार्ज आणि मी असे बसलो आणि कागदावर एकच प्रश्न लिहिला: आण्णा नसताना कोणती कामं अडतील? यादी झाल्यावर लक्षात आलं की बहुतेक कामांना ग्लोबल अॅडमिन लागतच नाही. नवा माणूस रुजू झाला, कोणी पासवर्ड विसरला, कोणाचा फोन बदलला, ही नेहमीची कामं. त्यासाठी माझ्या नावाने वेगळं अॅडमिन खातं काढून त्याला `User Administrator` आणि `Authentication Administrator` हे दोनच रोल दिले. ताईंना `Billing Administrator`. ग्लोबल अॅडमिनचं खातं फक्त आणीबाणीसाठी तिजोरीत ठेवायचं आणि ते रोजच्या कामाला वापरलं जाऊ नये असं वाटत असेल, तर रोजचं काम आधी दुसऱ्या खात्याकडे वळवावं लागतं. नाहीतर दर आठवड्याला तिजोरी उघडते आणि महिन्याभरात किल्ली कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहायला जाते.

यादीतली सगळ्यात अनपेक्षित अडचण बिलाची निघाली. वर्गणी आण्णांच्या क्रेडिट कार्डावर होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही, त्यावर गेली की दर वेळी लागतो. एकोणीस जणांचं बिल त्यावर जातं, आणि ओटीपी येणार बंद फोनवर. वर्गणी संपल्यावर साधारण ३० दिवस सगळं चालू राहतं, मग पुढचे ९० दिवस वापरणाऱ्यांना बंद आणि फक्त अॅडमिनला दिसतं, त्यानंतर डेटा पुसला जातो. आण्णांचा प्रवास या मुदतीपेक्षा लांब होता! म्हणून वर्गणी स्थानिक विक्रेत्यामार्फत घेतली. आता जीएसटी बिल येतं आणि ताई एनईएफटी करतात. या बदलाला कागदपत्रांसकट ऑगस्टचा मध्य उजाडला.

डोमेनचंही तसंच. ज्या कंपनीकडे डोमेनची नोंद आहे तिथलं खातं आण्णांच्या खासगी जीमेलवर होतं. तिथे वहिनींना दुसरी व्यक्ती म्हणून जोडलं (त्या आमच्या कंपनीत संचालक आहेत) आणि डोमेनचं नूतनीकरण तीन वर्षांसाठी आगाऊ भरून टाकलं. हे काम एका दुपारचं, पण त्या जीमेलचा पासवर्ड आठवायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही.

डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि त्याचा पिन ताईंकडे ठेवून जावं, असा आण्णांचा विचार होता. अनेक कंपन्यांत असंच चालतं. पण सही ज्याच्या नावाची, तिच्या खासगी किल्लीचा ताबा त्यानेच सांभाळायचा असं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. मार्ग सरळ होता: जीएसटीच्या पोर्टलवर वहिनींना अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून जोडलं आणि त्यांच्या नावाची वेगळी सिग्नेचर काढली. बँकेत सहीचे अधिकार संचालक मंडळाच्या ठरावाने दिले. ही कामं सीएंनी केली, म्हणून त्याबद्दल इथे इतकंच.

ऑगस्ट: पासवर्डचं पाकीट आता पुरत नाही

नेटवर या विषयावर जुनं लिखाण भरपूर सापडतं. त्यात पद्धत अशी: ग्लोबल अॅडमिनचं एक खातं काढा, त्याला लांबलचक पासवर्ड द्या, त्याचे दोन तुकडे दोन पाकिटांत ठेवा आणि या खात्याला दुसऱ्या पावलातून, म्हणजे एमएफएतून, सूट द्या. हे आता चालत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ पासून अझूर ही क्लाउड सेवा आणि एन्ट्रा ही खाती व लॉगिन सांभाळणारी व्यवस्था यांच्या अॅडमिन पोर्टलला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ३६५ च्या अॅडमिन सेंटरला, एमएफए सक्तीचं करायला सुरुवात केली. तुमच्या स्वतःच्या नियमांत सूट दिली तरी ही सक्ती सुटत नाही, आणि ती आणीबाणीच्या खात्यांनाही लागू आहे. म्हणजे पाकीट फोडून पासवर्ड टाकला तरी पोर्टल विचारणार की दुसरं पाऊल कुठे आहे. ते कोणाच्या फोनवर असेल तर आपण पुन्हा एका माणसावर अवलंबून.

म्हणून दुसरं पाऊल माणसाच्या खिशात नव्हे, वस्तूत हवं. ती वस्तू म्हणजे फिडो२ सिक्युरिटी की, पेनड्राइव्हएवढी यूएसबी किल्ली. तिला बॅटरी नाही, सिम नाही, रेंज लागत नाही. तिच्यात पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लॉगिनची गुप्त नोंद, साठते आणि ती वापरायला किल्लीचा स्वतःचा पिन आणि बोटाचा स्पर्श लागतो. पासवर्ड टाकावाच लागत नाही, आणि किल्ली अधिक पिन मिळून एमएफए पूर्ण होतं.

मायक्रोसॉफ्टचा सल्ला निदान दोन आणीबाणीची खाती ठेवण्याचा आहे. प्रत्येक खात्याला स्वतंत्र दोन किल्ल्या घ्यायच्या तर चार होतात. आम्ही दोनच घेतल्या आणि प्रत्येक किल्लीत दोन्ही खात्यांची पासकी ठेवली. एका किल्लीत अनेक खाती राहू शकतात, लॉगिन करताना कोणतं हवं ते विचारतं. एक किल्ली हरवली तरी दुसरीने दोन्ही खाती उघडतात. बाजारात चांगल्या कंपनीची किल्ली साधारण तीन ते सहा हजारांत मिळते, दुकानदारानुसार फरक पडतो. घेताना तोंड बघून घ्या. ऑफिसचे जुने डेस्कटॉप यूएसबी-ए, नवे लॅपटॉप नुसते यूएसबी-सी. आम्ही एक-एक प्रकारची घेतली आणि दोन्ही पाकिटांत शंभर-दीडशे रुपयांचं कन्व्हर्टर टाकलं. ऑर्डर करून माल यायला दहा-बारा दिवस गेले.

या काळात आण्णांची समजूत काढणं हे खरं काम होतं. "म्हणजे मी मेलो तर काय, त्याची तयारी ना ही?" असं त्यांनी हसत विचारलं, पण पुढचा प्रश्न गंभीर होता: "मग माझी मेल कोणीही वाचेल?" खरं उत्तर हो असंच आहे. ग्लोबल अॅडमिन स्वतःला कोणाच्याही मेलबॉक्सचा अधिकार देऊ शकतो. ते तांत्रिक उपायाने पूर्ण थांबत नाही. पण तो अधिकार दिल्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये राहते, एकट्या माणसाला खातं उघडता येणार नाही अशी मांडणी करता येते, आणि उघडलं की लगेच सगळ्यांना कळेल असा इशारा लावता येतो. हे तिन्ही करायचं ठरल्यावर ते तयार झाले.

सप्टेंबर: खाती उभी करणं

`entra.microsoft.com` वर दोन नवी खाती काढली. नावाचा शेवट आमच्या डोमेनचा न ठेवता `onmicrosoft.com` ठेवला. पुढे कधी डोमेन बदललं, काढलं किंवा लॉगिनची व्यवस्था दुसऱ्या सेवेला जोडली, तर आपल्या डोमेनवरची खाती त्यात अडकू शकतात, ही अडकत नाहीत. नावात कोणा माणसाचं नाव घातलं नाही. दोन्हींना `Global Administrator` रोल कायमचा दिला. परवाना नेमला नाही, कारण या खात्यांना मेलबॉक्स नकोच. पासवर्ड लांब आणि कसाही टाकला आणि तो कुठेही लिहून ठेवला नाही, कारण आत जायचं ते किल्लीनेच.

आता किल्ल्या नोंदवायच्या. इथे अनेकजण अडकतात, कारण किल्ली नोंदवण्यासाठी आधी एमएफए झालेलं असावं लागतं आणि नव्या खात्याला एमएफए कुठून असणार? कोणाचा तरी फोन तात्पुरता जोडावा असा मोह होतो, आणि तो फोन मग तिथेच राहतो. यासाठी `Temporary Access Pass` आहे. `Authentication methods` मध्ये `Policies` उघडून `Passkey (FIDO2)` आणि `Temporary Access Pass` दोन्ही चालू केले. बदल लागू व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. मग त्या खात्याच्या पानावर जाऊन पास काढला. तो कोड एकदाच दिसतो, मूळ मुदत एक तास. "एकदाच वापरायचा" पास काढलात तर त्याने लॉगिन केल्यापासून दहा मिनिटांत नोंदणी उरकावी लागते. दोन किल्ल्या, पिन ठरवणं आणि विंडोजच्या खिडक्या यात दहा मिनिटं सहज जातात, म्हणून आम्ही एका तासात अनेकदा चालणारा पास घेतला आणि काम झाल्यावर तो खोडून टाकला.

ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून `aka.ms/mysecurityinfo` वर गेलो, खात्याचं नाव आणि पास टाकला आणि नवी पद्धत जोडताना सिक्युरिटी की निवडली. विंडोज आधी "या कॉम्प्युटरवर ठेवू का" किंवा फोनचा क्यूआर कोड असं काहीतरी पुढे करतं. तिथे घाईने पुढे गेलात तर पासकी किल्लीत न जाता भलतीकडे जाते. `Security key` हाच पर्याय निवडायचा, किल्ली लावायची, पहिल्या वेळी पिन ठरवायचा, किल्लीला स्पर्श करायचा आणि नाव द्यायचं. नावात किल्लीवरचा अनुक्रमांक घाला, म्हणजे पुढे एक हरवली तर नेमकी कोणती काढायची ते कळतं. दोन खाती, दोन किल्ल्या, म्हणजे चार नोंदणी. लगेच चारही जोड्यांनी लॉगिन करून पाहिलं.

पिन किल्लीचा असतो, खात्याचा नाही, त्यामुळे एका किल्लीतल्या दोन्ही खात्यांना तोच चालतो. आमच्या प्रकारच्या किल्लीत सलग तीनदा चुकला की ती काढून पुन्हा लावावी लागते, एकूण आठदा चुकला की तिचा फिडो भाग बंद होतो. मग रीसेट करावा लागतो आणि आतल्या सगळ्या पासकी जातात. म्हणून पिन आठवणीवर सोडायचा नाही, कागदावर लिहायचा. दोन्ही किल्ल्यांचे पिन वेगळे ठेवले.

लॉगिन झाल्यावर कधीकधी "अधिक माहिती हवी" असा पडदा येतो आणि फोन नंबर किंवा अॅप जोडायला सांगतो. लोक सवयीने पुढे-पुढे दाबतात आणि स्वतःचा नंबर देऊन बसतात. ज्या नियमांमुळे हा पडदा येतो त्यांतून ही दोन्ही खाती वगळली.

यानंतर कंडिशनल अॅक्सेस, म्हणजे कोणाला कुठून आणि कोणत्या अटींवर आत घ्यायचं याचे नियम. आमच्याकडे भारताबाहेरून लॉगिन बंद, सगळ्यांना एमएफए, असे मोजके नियम आहेत. त्यातल्या प्रत्येकात `Exclude` खाली दोन्ही खाती घातली. मायक्रोसॉफ्टने स्वतः तयार करून दिलेले नियमही यादीत असतात, ते विसरू नका. ग्रुप करून तो वगळावा असंही सुचवलं जातं. पण त्या ग्रुपमध्ये ज्याला माणूस घालता येतो त्याला सगळ्या नियमांतून पळवाट मिळते, म्हणून आम्ही खाती थेट घातली. तोटा असा की नवा नियम करताना दर वेळी लक्षात ठेवावं लागतं. बाहेरून आमचं नेटवर्क बघणाऱ्या एजन्सीला हे लेखी कळवलं. आणखी एक खाच: पासकीच्या सेटिंगमध्ये कोणत्या मॉडेलच्या किल्ल्या चालतील यावर बंधन घालता येतं. पुढे कोणी ती यादी बदलली आणि आपलं मॉडेल त्यातून गेलं, तर आधी नोंदवलेली किल्लीही चालेनाशी होते.

इशारा

खातं उघडल्याचं लगेच कळावं म्हणून साइन-इन लॉग अझूरच्या लॉग अॅनालिटिक्सकडे पाठवले. त्यासाठी अझूरची वर्गणी काढावी लागते. वर्कस्पेस, म्हणजे लॉग साठवायची जागा, `Central India` मध्ये ठेवला, जो पुण्यात आहे. एन्ट्रामधल्या `Diagnostic settings` मध्ये `SignInLogs` वर खूण केली आणि दर पाच मिनिटांनी हे विचारणारा इशारा लावला:

```
SigninLogs
| where UserId in ("OBJECT-ID-1", "OBJECT-ID-2")
```

`OBJECT-ID` च्या जागी त्या दोन खात्यांचे एन्ट्रामधले `Object ID` घालायचे. उत्तरात एकही ओळ आली की मेल जाते. या लॉगमध्ये फसलेले प्रयत्नही येतात, म्हणजे बाहेरून कोणी या नावाने ठोठावलं तरी कळतं. मेल कंपनीच्या पत्त्यावर पाठवून उपयोग नाही. सगळे बाहेर अडकलेले असतील तेव्हा ती कोण वाचणार? ताईंच्या, वहिनींच्या आणि माझ्या खासगी पत्त्यांवर जाते. पहिली चाचणी मेल एकाच्या स्पॅममध्ये सापडली, तेव्हा पाठवणारा पत्ता प्रत्येकाने ओळखीच्या यादीत घातला. इशाऱ्याचा खर्च आमच्याइतक्या लॉगला महिन्याला दोनशे रुपयांच्या आत राहतो. याचा आणखी एक उपयोग: आमच्या प्लॅनमध्ये साइन-इन लॉग पोर्टलवर ३० दिवसच दिसतात, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. वर्कस्पेसची मुदत वाढवून तेही झालं.

ऑक्टोबर: पाकिटं, तिजोरी, लॉकर

नियम असा ठेवला की किल्ली आणि तिचा पिन कधीही एका जागी किंवा एका माणसाकडे नसावेत. पहिली किल्ली ऑफिसच्या तिजोरीत, तिजोरी इनचार्ज उघडतात, तिचा पिन ताईंच्या घरी बंद पाकिटात. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये, तिचा पिन सीएंच्या ऑफिसात. लॉकर आधी आण्णांच्या एकट्याच्या नावावर होता, म्हणजे ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो उघडणारच नाही. बँकेत जाऊन तो वहिनींबरोबर संयुक्त केला, दोघांपैकी कोणीही उघडू शकेल अशा सूचनेसह. करार नव्या स्टँप पेपरवर, फोटो, केवायसी, आणि संबंधित साहेब रजेवर असल्याने पुढचा आठवडा. शिवाय बँक रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. म्हणून लॉकरमधली किल्ली ही राखीव, पहिली धाव तिजोरीकडेच.

पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या, वर पारदर्शक टेप, आत सिलिका जेलची पुडी (आमच्याकडचा पावसाळा माहीत असेलच), आणि एक पानी चिठ्ठी. चिठ्ठीत पायऱ्या मराठीत छापल्या: कोणता पत्ता उघडायचा, `Sign-in options` कुठे दिसतं, तिथे किल्लीचा पर्याय कोणता, खात्यांची पूर्ण नावं. अडचणीच्या दिवशी पाकीट उघडणारा माणूस कॉम्प्युटरवाला नसेल असं धरूनच ती लिहिली.

कधी उघडायचं याचं पत्र आण्णांनी सही करून दिलं. काम उद्यावर टाकता येत नाही आणि छोट्या अॅडमिन खात्याने होत नाही, अशाच वेळी. दोन माणसं समोर हवीत. वहीत तारीख, वेळ, कारण, काय केलं आणि सह्या. कोणाचीही मेल बघायची नाही. याच वेळी आण्णांच्या रोजच्या खात्यावरचा ग्लोबल अॅडमिन रोल काढला. परिक्रमेत फोन चोरीला गेलाच, तर निदान कंपनी त्याच्या हातात जाणार नाही.

मग आण्णांना शेजारच्या खोलीत बसवून तालीम. कॉम्प्युटर मी चालवायचा नाही अशी अट होती. इनचार्जनी तिजोरी उघडली, ताईंनी पिन आणला, चिठ्ठी वाचत लॉगिन केलं. विंडोजने नेमका आधी क्यूआर कोड दाखवला आणि दोघं थांबले, कारण चिठ्ठीत त्या पडद्याचा उल्लेख नव्हता. तो घातला. इशाऱ्याची मेल दहाएक मिनिटांत आली. लॉग पोहोचायलाच थोडा वेळ लागतो, त्यामुळे "लगेच" याचा अर्थ इतकाच. अशी चाचणी दर ९० दिवसांनी आणि संबंधित माणूस बदलला की करावी, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे. तालमीत किल्लीही चालते हे कळतं आणि पाकीट अजून जागेवर आहे हेही.

जानेवारी: खरी वेळ

आण्णा निघाल्यावर अडीच महिने काही झालं नाही. जानेवारीत एका शनिवारी सकाळी साडेनऊपासून कोणाचंच आउटलुक उघडेना. पडद्यावर `AADSTS53000`. या आकड्याचा अर्थ डिव्हाइस नियमात बसत नाही. आदल्या संध्याकाळी एजन्सीच्या माणसाने नवा कंडिशनल अॅक्सेस नियम लावला होता: फक्त कंपनीत नोंदवलेल्या, सुरक्षित ठरलेल्या डिव्हाइसवरूनच प्रवेश. नियम चांगला, पण आमच्या निम्म्या मशिनी नोंदवलेल्याच नव्हत्या, आणि नोंदवलेल्यांची तपासणी पूर्ण झाली नव्हती. तो गृहस्थ सकाळपासून लग्नात, फोन लागेना. माझं छोटं अॅडमिन खातंही बाहेर. तसंही त्याला नियम बदलायचा अधिकार नाही. दुपारी बारापर्यंत एका ग्राहकाला ड्रॉइंग जायचं होतं.

दहा वाजता ताई पिन घेऊन आल्या. तिजोरी उघडून किल्ली काढली, प्रायव्हेट विंडोत `entra.microsoft.com` उघडलं. पहिलं खातं निवडलं तर तोच `53000`. नव्या नियमात एजन्सीने दोन खात्यांपैकी एकच वगळलं होतं. त्याच किल्लीतलं दुसरं खातं निवडल्यावर आत गेलो. `Conditional Access` मध्ये नवा नियम शोधून `On` वरून `Report-only` केला. पूर्ण बंद किंवा डिलीट न करण्याचं कारण असं की `Report-only` मध्ये नियमाने कोणाला अडवलं असतं हे लॉगमध्ये दिसत राहतं, त्यामुळे कोणत्या मशिनी नोंदवायच्या राहिल्या याची आयती यादी मिळते. त्याच नियमात राहिलेलं खातंही वगळलं. बाकी कशाला हात लावला नाही आणि साइन-आउट केलं.

लगेच सगळं सुरू झालं नाही. बदल पोहोचायला काही मिनिटं गेली, काही जणांना आउटलुक बंद करून पुन्हा उघडावं लागलं. पावणेअकराला मेल चालू होत्या. इशाऱ्याची मेल वहिनींना गेली होती, त्यांचा फोन आला. त्यांना कारण आधीच कळवायला हवं हे त्यानंतर पत्रात जोडलं.

पाकीट एकदा फुटलं की काम संपत नाही. पिन आता तिघांनी पाहिला होता, म्हणून सोमवारी किल्लीचा पिन बदलला. तो विंडोजच्या सेटिंगमध्ये `Sign-in options` खाली `Security Key` इथून बदलता येतो, पासकी तशाच राहतात. नवं पाकीट, नव्या सह्या, वहीत नोंद. ऑडिट लॉगमधून त्या अर्ध्या तासातल्या नोंदी काढून छापील प्रत वहीला लावली. लॉकरमधल्या किल्लीला हात लावावा लागला नाही. तिची तपासणी वहिनी ठरलेल्या वेळी करतील.

एजन्सीशी आता लेखी ठरलंय की कोणताही नवा नियम आधी निदान आठवडाभर `Report-only` मध्ये राहील, चालू करायचा तो सोमवार ते गुरुवार दुपारपर्यंतच, आणि वगळलेल्या दोन्ही खात्यांचा स्क्रीनशॉट आम्हाला आल्यावर. शिवाय महिन्यातून एकदा मी स्वतः सगळे नियम उघडून `Exclude` खालची दोन्ही नावं बघतो. त्यासाठी माझ्या अॅडमिन खात्याला `Global Reader` रोल जोडून घेतलाय. त्याने सगळं वाचता येतं, बदलता काहीच येत नाही.